दहा मिनिटांत किती शब्द मावतात?

रेडिओवरच्या बातमीपत्राला दिलेली वेळ थोडीही मागेपुढे होत नाही. पुण्याहून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या अनेक घरांत घड्याळाचे काम करतात, आणि त्या संपताच पुढचा कार्यक्रम दारात उभा असतो. थेट वाचन लांबले तर शेवटचे वाक्य अर्ध्यावर तुटते. लवकर आटोपले तर उरलेले सेकंद शांततेने किंवा सुरावटीने भरावे लागतात, आणि रेडिओवर वीस सेकंदांची शांतता ऐकणाऱ्याला यंत्र बिघडल्यासारखी वाटते. म्हणून वाचक माइकसमोर बसण्याआधीच कागदावरचा मजकूर किती वेळ घेईल याचा अंदाज बांधावा लागतो. त्यामागचे गणित चौथीच्या पुस्तकातले आहे, मजकुराला वेगाने भागले की वेळ मिळते. अडचण भागाकारात नसते. मजकूर कशात मोजायचा आणि वेग कोणता धरायचा, चुका होतात त्या इथे.

सर्वांत प्रचलित मोजमाप शब्दांचे. संगणक शब्द आपोआप मोजून देतो आणि मिनिटाला दीडशे शब्द हा इंग्रजी निवेदनाचा ठोकताळा सगळीकडे सांगितला जातो, त्यामुळे बरेच जण तोच मराठीला लावतात. मराठीत तो सपशेल फसतो. इंग्रजीत जे काम सुटी शब्दयोगी अव्यये आणि उपपदे करतात, ते मराठीत प्रत्यय करतात आणि शब्दालाच चिकटतात. ‘शेतकऱ्यांसाठीच्या’ हा मराठीत एक शब्द आहे, पण तेवढाच आशय इंग्रजीत सांगायला तीन-चार शब्द लागतात. एकूण मराठी शब्द सरासरीने लांब असतो. शांत, स्पष्ट बातमीवाचनात तो मिनिटाला शंभर ते सव्वाशेच्या घरात पडतो. वाचक हळू बोलतो असा त्याचा अर्थ नाही.

भाषा बदलली की बोलण्याचा वेग बदलतो का, यावर २०१९ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात १७ भाषा तपासल्या होत्या. एका सेकंदात उच्चारली जाणारी अक्षरे भाषेगणिक बरीच वेगळी निघाली, पण एका सेकंदात पोचणारी माहिती मात्र सगळीकडे ३९ बिटच्या आसपास होती. त्या १७ भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती, त्यामुळे मराठीचा आकडा त्यातून मिळत नाही. पण एवढे कळते की एका भाषेचा शब्दवेग दुसऱ्या भाषेला लावण्यात अर्थ नाही.

एकाच भाषेतसुद्धा शब्दसंख्या दगा देते. ‘काल रात्री पुणे शहरात जोरात पाऊस पडला’ या वाक्यात सात शब्द आहेत. ‘जिल्हाधिकारी कार्यालयासमोर अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी मानधनवाढीसाठी उपोषण केले’ यातही सातच. पहिल्या वाक्याची अक्षरे मोजली, म्हणजे जोडाक्षर एक आणि काना-मात्रेसह व्यंजन एक असे धरले, तर ती १९ भरतात. दुसऱ्याची ३६ भरतात. पहिले वाक्य तीन सेकंदांत होते आणि दुसऱ्याला जवळजवळ सहा लागतात. शब्द मोजणाऱ्याच्या हिशेबात मात्र दोन्ही सारखी. सरकारी योजना, न्यायालयीन निकाल, आंदोलने यांच्या बातम्यांत दुसऱ्या जातीची वाक्ये जास्त येतात. क्रीडा आणि हवामानात पहिल्या जातीची. म्हणून ज्या दिवशी अर्थसंकल्प मांडला जातो त्या दिवशी शब्दसंख्या नेहमीइतकीच ठेवूनही बातमीपत्र लांबते.

मराठीत अक्षर हे शब्दापेक्षा भरवशाचे माप आहे ते यासाठी. अक्षरगणवृत्तांच्या परंपरेमुळे मराठी वाचकाला अक्षरे मोजणे नवे नाही. इथे एक शंका रास्त आहे. लिहिलेले प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारले जात नाही. ‘शहरात’ लिहिताना चार अक्षरे दिसतात, पण बोलताना शेवटचा ‘त’ स्वरहीन होतो आणि मधला ‘ह’ही दबतो. वेळेच्या हिशेबात याची चिंता करण्याचे कारण नाही, कारण वेगही त्याच लिखित अक्षरांत मोजला जातो. दोन्ही ठिकाणी माप एकच असले की गळणारे स्वर दोन्हीकडून सारखेच गळतात.

हजारो अक्षरे बोटांवर मोजत बसायला कोणालाच वेळ नसतो. संगणक ‘कॅरेक्टर’ मोजतो, पण देवनागरीत तो बहुधा मात्रा आणि हलन्तही सुटे धरतो. ‘कार्यालयासमोर’ या शब्दात माणसाला सात अक्षरे दिसतात, संगणकाला तेरा चिन्हे. तरीही तो आकडा कामाचा आहे. मोकळ्या जागा वगळून मिळालेली चिन्हसंख्या चाचणीच्या उताऱ्यासाठी घ्यावी आणि प्रत्यक्ष मजकुरासाठीही तीच घ्यावी. याहूनही सोपी रीत ओळी मोजण्याची. एकच फाँट, एकच आकार आणि एकच समास ठेवून छापलेल्या पानावर प्रत्येक भरलेल्या ओळीत जवळपास तेवढीच अक्षरे असतात. एका ओळीला किती सेकंद लागतात हे एकदा ठरले की नुसत्या नजरेने वेळ सांगता येते. ओळींची पद्धत जुनी असली तरी शब्दसंख्येपेक्षा सरस आहे, कारण तिच्यात लांब शब्दाला जागा जास्त लागते आणि हिशेबही आपोआप जास्त धरला जातो.

मजकूर कशात मोजायचा हे ठरले तरी काय मोजायचे हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर एकच आहे, जे तोंडातून बाहेर पडणार ते. आकडे, संक्षेप आणि चिन्हे कागदावर आखूड आणि तोंडात लांब असतात. ‘३८.४° से.’ हे कागदावर शब्दभरही जागा घेत नाही. वाचक मात्र ‘अडतीस पूर्णांक चार दशांश अंश सेल्सिअस’ म्हणतो, आणि ही अठरा अक्षरे आहेत. म्हणजे जवळपास तीन सेकंद. हवामानाच्या बातमीत पाच शहरांची तापमाने आली की कागदावर न दिसणारे पंधरा सेकंद तिथे दडलेले असतात. ‘१२,४५० घरे’ यातला आकडा ‘बारा हजार चारशे पन्नास’ असा चार शब्दांचा होतो. ‘३.७५ कोटी रु.’ हे ‘तीन कोटी पंच्याहत्तर लाख रुपये’ होते. ‘जि. प.’ ही जिल्हा परिषद होते. यावर उपाय एकच आहे. वाचनासाठीच्या प्रतीत आकडे आणि संक्षेप अक्षरांतच लिहावेत आणि मग मोजावे. त्यात वाचकाचाही फायदा असतो. आडव्या-तिडव्या आकड्यावर अडखळून गेलेले दोन सेकंद वाचतात आणि चुकीचा आकडा हवेत जाण्याची भीतीही कमी होते. शक्य तिथे संपादकाने आकडाच सोपा करावा हे उत्तम. ‘साडेबारा हजार’ ऐकणाऱ्याच्या लक्षात राहते, ‘बारा हजार चारशे पन्नास’ राहत नाही. अर्थात जिथे नेमका आकडा हीच बातमी आहे, तिथे तो पूर्ण वाचायलाच हवा.

वेगाचा आकडा पुस्तकातून घेऊन चालत नाही, कारण तो वाचकागणिक बदलतो. तो मोजताना पहिली चूक होते ती मनातल्या मनात वाचण्याची. डोळा जिभेपेक्षा कितीतरी वेगाने धावतो, त्यामुळे त्यावरून काढलेला वेळ नेहमीच कमी निघतो. ओठ हलवत पुटपुटल्यानेही भागत नाही. आवाज पोचवायचा असला की माणूस स्वर थोडे लांबवतो आणि वाक्याच्या शेवटी श्वास घेतो, पुटपुटताना यातले काही होत नाही. म्हणून मोठ्याने, स्टुडिओत जसे वाचायचे तसे वाचावे.

दुसरी चूक चाचणी फार आखूड ठेवण्याची. अर्ध्या मिनिटाच्या उताऱ्यात घड्याळ दाबताना एक सेकंद इकडेतिकडे झाला तर वेगात तीन टक्क्यांहून अधिक फरक पडतो, आणि दहा मिनिटांत त्याचे वीस सेकंद होतात. तीन मिनिटांचा उतारा घेतला तर तोच एक सेकंद किरकोळ ठरतो. उतारा प्रत्यक्षात वाचायच्या मजकुराच्याच जातीचा हवा. कथा वाचून काढलेला वेग बातम्यांना लागू पडत नाही. निधनाची बातमी वाचताना तर तोच वाचक आपसूक हळू होतो.

आता एक बातमीपत्र उदाहरणादाखल मांडता येईल. समजा, एका वाचकाने तीन बातम्यांचा १,११६ अक्षरांचा, ३४८ शब्दांचा उतारा बरोबर १८० सेकंदांत वाचला. बातम्यांमधले थांबे यात धरलेले नाहीत, वाक्यांमधले धरले आहेत. त्याचा वेग सेकंदाला ६.२ अक्षरे झाला. एका शब्दात सरासरी ३.२ अक्षरे पडली, म्हणजे शब्दांच्या भाषेत मिनिटाला ११६.

बातमीपत्र दहा मिनिटांचे, म्हणजे ६०० सेकंद. यातला बराच भाग आधीच ठरलेला असतो. सुरुवातीची उद्घोषणा ८ सेकंद, ठळक बातम्या ३२, अखेरीस त्याच पुन्हा ३२, समारोपाचे वाक्य ६, आणि एका मंत्र्याच्या वक्तव्याची ध्वनिमुद्रित चकती ४० सेकंदांची. हे झाले ११८. बारा बातम्यांपैकी प्रत्येकीनंतर एक सेकंदाचा थांबा धरला तर १२ आणखी. शेवटी दहा सेकंद राखीव ठेवावेत, कारण वेळ ओलांडण्यापेक्षा थोडे आधी संपवणे नेहमीच परवडते. वाचनासाठी उरले ४६० सेकंद. ४६० ला ६.२ ने गुणले की २,८५२ अक्षरे, म्हणजे सुमारे ८९० शब्द. बारा बातम्यांत वाटले तर एका बातमीला जेमतेम ७४ शब्द येतात.

हाच हिशेब मिनिटाला दीडशे शब्दांच्या इंग्रजी ठोकताळ्याने केला असता, तर तेवढ्याच ४६० सेकंदांसाठी १,१५० शब्द लिहिले गेले असते. त्यांची अक्षरे ३,६८० आणि वाचायला लागणारा वेळ ५९३ सेकंदांच्या पुढे. सव्वादोन मिनिटे जास्त. एवढी चूक कोणताही वाचक घाई करून भरून काढू शकत नाही.

घाईने नेमके किती सावरते हे माहीत असणे उपयोगाचे आहे. पाच टक्क्यांपर्यंतचा बदल श्रोत्याच्या सहसा लक्षात येत नाही. पाच मिनिटांचे वाचन उरले असताना पाच टक्के म्हणजे पंधरा सेकंद. दहा टक्के वेग वाढवला की घाई ऐकू येऊ लागते, जोडाक्षरे चेपतात आणि नावे गिळली जातात. मग वाचक अडखळतो आणि कमावलेले सेकंद तिथेच जातात. याचा अर्थ वेग हे शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांसाठीचे साधन आहे. त्याहून मोठा फरक मजकूर कापूनच मिटवावा लागतो.

आणि कापायचे काय, हे माइकसमोर बसल्यावर ठरवता येत नाही. ते आधीच कागदावर असावे लागते. यासाठी वेळ शेवटाकडून मागे मोजत येतात. वरच्याच उदाहरणात दहा सेकंद राखीव, सहा सेकंदांचा समारोप आणि ३२ सेकंदांच्या अखेरच्या ठळक बातम्या वजा केल्या, तर त्या ठळक बातम्या ९ मिनिटे १२ सेकंदांनी सुरू झाल्या पाहिजेत. त्यांच्या आधीची हवामानाची बातमी २८ सेकंदांची असेल तर थांब्यासह तिची सुरुवात ८ मिनिटे ४३ सेकंदांना. तिच्या आधीची अकरावी बातमी ३८ सेकंदांची, म्हणून ती ८ मिनिटे ४ सेकंदांना सुरू व्हायला हवी. हे आकडे पेन्सिलीने समासात लिहून ठेवतात. वाचकाला मग किती वेळ गेला याची बेरीज करावी लागत नाही. प्रत्येक बातमीच्या आरंभी तो समासातला आकडा आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच पाहतो.

अकराव्या जागेवर कोणती बातमी ठेवायची यात संपादकाचे कसब आहे. ती महत्त्वाची नको, कारण ती गळू शकते. तशीच ती निरर्थकही नको, कारण बहुतेक दिवशी ती वाचली जाणार असते. एखादे प्रदर्शन, ग्रंथमहोत्सव, उद्याच्या रेल्वेच्या वेळापत्रकातला बदल अशा बातम्या इथे शोभतात. तिचे दोन पाठ तयार असावेत, एक ३८ सेकंदांचा पूर्ण आणि एक २० सेकंदांचा, फक्त पहिल्या दोन वाक्यांचा. समजा, वाचकाची दहावी बातमी ८ मिनिटे २० सेकंदांना संपली. पूर्ण पाठाला आता जागा नाही, राखीव सेकंद मोडूनसुद्धा. पण आखूड पाठ ८:२१ ला सुरू करून ८:४१ ला संपवता येतो आणि हवामान ठरल्या वेळेच्या एक सेकंद आधीच सुरू होते. दहावी बातमी ८:३१ नंतर संपली, तर अकरावी सरळ सोडून द्यायची. हा निर्णय घड्याळच घेते, वाचकाला विचार करावा लागत नाही.

उलट प्रसंगही येतो. अनुभवी वाचक कधी नेहमीपेक्षा भराभर जातो, किंवा ऐनवेळी एखादी बातमी मागे घेतली जाते. त्यासाठी पंधरा-वीस सेकंदांच्या दोन-तीन सुट्या बातम्या मागच्या पानावर तयार असतात. हळूहळू वाचून तीस सेकंद भरण्याचा प्रयत्न मात्र फसतो. शब्दांमधले अंतर वाढले की बातमी ओढून ताणल्यासारखी वाटते आणि श्रोत्याचे लक्ष उडते.

मध्यावर एकदा घड्याळ पाहणे शेवटी पाहण्यापेक्षा जास्त उपयोगाचे. समजा, पाचवी बातमी ४ मिनिटे ३० सेकंदांना संपायला हवी होती आणि ती ४:४२ ला संपली. बारा सेकंद उशीर झाला म्हणून तेवढेच कापून भागेल असे वाटते, पण तसे होत नाही. ध्वनिमुद्रित चकती याआधीच वाजून गेली असेल तर तिचे चाळीस सेकंद ठाम होते, म्हणजे उरलेल्या २३० सेकंदांच्या वाचनातच बारा सेकंदांची घसरण झाली. वाचक पाच टक्क्यांनी हळू आहे. तो पुढेही तसाच राहिला तर उरलेल्या भागात आणखी पंधराएक सेकंद जातील. शेवटी सत्तावीस सेकंदांच्या आसपास उशीर होईल, राखीव दहा वजा करूनही सतरा. म्हणजे अकरावी बातमी आखूड पाठातच वाचायची हे पाचव्या बातमीपाशीच कळते, आणि पुढे धावपळ होत नाही.

काही दिवसांच्या बातमीपत्रांचा अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ एका वहीत शेजारी लिहून ठेवला की चुकीचे कारण ओळखता येते. प्रत्यक्ष वेळ रोज साधारण तेवढ्याच टक्क्यांनी जास्त येत असेल तर वेगाचा आकडा चुकला आहे, तो बदलावा. चाचणी बहुधा ताज्या आवाजात झालेली असते आणि पहाटेच्या पाळीत वाचक तेवढा तल्लख नसतो. याउलट एक दिवस वीस सेकंद जास्त, दुसऱ्या दिवशी दहा कमी असे होत असेल तर वेग ठीक आहे, दोष मजकुराच्या मोजणीत आहे. त्या दिवशीची प्रत उघडली की अक्षरांत न लिहिलेले आकडे, इंग्रजी आद्याक्षरांची संस्थानावे किंवा परक्या देशातल्या खेळाडूंची अवघड नावे सापडतात. अपरिचित नावापाशी वाचक मनात क्षणभर थांबतो. कोणतीही मोजणी तो थांबा दाखवत नाही, म्हणून अशा प्रत्येक नावामागे अर्धा सेकंद वेगळा धरणे शहाणपणाचे.

वाचक बदलला की हिशेबही बदलतो. वरच्या वाचकाऐवजी सेकंदाला ५.८ अक्षरे वाचणारा आला तर ४६० सेकंदांत २,६६८ अक्षरेच मावतात. म्हणजे सुमारे ५७ शब्द कमी, एका बातमीचा तीनचतुर्थांश भाग. म्हणून प्रत्येक वाचकाच्या नावासमोर त्याचा वेग लिहून ठेवणे सोयीचे असते. पाळीवर कोण येणार हे ठरलेले नसेल तेव्हा मजकूर हळू वाचणाऱ्याच्या मापाने लिहितात. भराभर वाचणारा आलाच, तर सुट्या बातम्या मागच्या पानावर तयार असतात.